‘पुरेसे’ या एका शब्दाचा वाद

रॉचेस्टर हे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले एक शहर. तेथे मुलांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी काम करणारी एक संस्था होती आणि त्या संस्थेच्या बाल-अभ्यास विभागात १९२८ साली कार्ल रॉजर्स नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ कामाला लागला. पुढची बारा वर्षे त्याने तेथे काढली. उनाड, चोऱ्या करणारी, घरातून पळून जाणारी मुले न्यायालये आणि समाजसेवी संस्था त्याच्याकडे पाठवीत. मुलाची तपासणी करावी, दोष कोठे आहे ते शोधावे आणि पालकांना तो समजावून सांगावा, अशी त्या काळची रीत होती. तज्ज्ञाने सांगायचे, आईबापांनी ऐकायचे.

या बारा वर्षांतील एक प्रसंग रॉजर्सने पुढे आपल्या लेखनात नोंदवून ठेवला आहे. एका अतिशय द्वाड मुलाची आई त्याच्याकडे येत असे. बाई बुद्धिमान होती. मुलाच्या लहानपणी आईने त्याला मनाने दूर लोटले, हेच त्याच्या वागण्याचे मूळ आहे, असे रॉजर्सचे निदान होते. ते तिच्या लक्षात आणून देण्यासाठी त्याने अनेक भेटींत हळुवारपणे, नाना वाटांनी प्रयत्न केला. पण गाडी पुढे सरकेना. अखेर त्याने हार मानली. आपण दोघांनीही पुष्कळ प्रयत्न केला, आता थांबावे हे बरे, असे तो म्हणाला. तिनेही मान्य केले. हस्तांदोलन झाले, बाई दारापर्यंत गेली आणि मागे वळून तिने विचारले, ‘तुम्ही इथे मोठ्या माणसांना मदत करता का?’ तो ‘होय’ म्हणाला. ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचे, नवऱ्याशी दुरावलेल्या नात्याचे, आपल्या अपयशाचे दुःख ओतू लागली. आजवर तिने सांगितलेल्या नीटनेटक्या माहितीशी या बोलण्याचे काही साम्य नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला, आणि त्याचा लाभ पुढे तिला आणि मुलालाही झाला.

कोठे दुखते आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्सने या प्रसंगातून घेतला. तज्ज्ञाने आपली हुशारी दाखविण्याचा आग्रह सोडला, तर समोरचा माणूसच वाट दाखवितो. व्यक्तिकेंद्री मानसोपचार म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे बीज येथे आहे. या बीजाचा वृक्ष झाला, त्याच्याशेजारी विचार आणि वर्तन यांच्यावर काम करणारी दुसरी पद्धती उभी राहिली, आणि दोहोंमध्ये जो वाद झाला तो खरे पाहता एकाच शब्दाभोवती फिरत राहिला. त्या वादाची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

रॉजर्सचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे, एका कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. महाविद्यालयात तो आधी शेतकी शिकला, मग इतिहास. १९२२ साली जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी तो पेकिंगला गेला, आणि १९२४ मध्ये धर्मसेवेची तयारी करण्यासाठी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला. तेथून रस्त्यापलीकडच्या अध्यापक महाविद्यालयात जाऊन तो मानसशास्त्राकडे वळला. ज्या श्रद्धा आपल्या मनाला पटलेल्या असायलाच हव्यात अशा व्यवसायात आपण राहू शकणार नाही, असे त्याला वाटले होते. माणसांना साहाय्य करण्याची ओढ मात्र तशीच राहिली.

१९४० साली तो ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात एका माणसाच्या आठही भेटी, प्रारंभापासून शेवटपर्यंत, शब्दशः छापलेल्या होत्या. त्या काळी ध्वनिमुद्रण तबकड्यांवर होई आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. एवढा खटाटोप त्याने का केला? तोवर मानसोपचाराच्या खोलीत काय घडते ते बाहेर कोणालाच कळत नसे. उपचारक आपल्या आठवणीने जे लिहील तेच खरे. रॉजर्सने खोलीचे दार उघडले. आपण कोठे चुकलो, कोठे घाईने बोललो, हे कोणीही वाचून पाहावे, असे त्याने जणू सांगितले. ‘ऐकणे’ या गोष्टीची शास्त्रीय तपासणी तेथून सुरू झाली, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे.

१९५७ साली त्याने एक छोटा निबंध लिहिला. माणसाच्या मनात बदल घडून येण्यास कोणत्या अटी आवश्यक आणि पुरेशा आहेत, हा त्याचा विषय. अटी एकूण सहा होत्या; त्यांतल्या तीन उपचारकाच्या अंगी असाव्या लागतात, आणि त्याच पुढे प्रसिद्ध झाल्या.

पहिली म्हणजे समानुभूती. समोरच्या माणसाचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहणे. मात्र त्यात एक ‘जणू’ लपलेला आहे: जणू मीच तो आहे, असे जाणायचे, पण मी तो नाही हे विसरायचे नाही. विसरलो तर बुडणाऱ्याबरोबर आपणही बुडतो. सहानुभूती ही निराळी गोष्ट. सहानुभूतीत आपण दुसऱ्याची कीव करतो, समानुभूतीत त्याला समजून घेतो.

दुसरी अट म्हणजे आंतरबाह्य एकरूपता. मनात कंटाळा आणि चेहऱ्यावर आस्था, असा मुखवटा उपचारकाने घालू नये. मनात येईल ते सर्व बोलून टाकावे, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याला काय वाटते आहे हे निदान स्वतःपासून तरी लपवू नये, आणि तीच भावना आड येत राहिली तर ती सांगावी.

तिसरी अट म्हणजे विनाअट आदर. ‘तू असा वागलास तरच मी तुला मानीन’ ही अट काढून टाकायची. याचा अर्थ प्रत्येक कृत्याला होकार देणे असा नाही. कृत्य आणि माणूस यांची गल्लत करू नये, एवढाच आहे.

सहावी अट बहुतेक लोक विसरतात: उपचारकाची समानुभूती आणि आदर समोरच्याला थोडा तरी जाणवला पाहिजे. उपचारकाच्या मनात कितीही माया असो, ती पोहोचली नाही तर ती नसल्यासारखीच.

वाद मात्र या गुणांविषयी नव्हता. ते आवश्यक आहेत, याला फारसा कोणाचा विरोध नव्हता. वादाचे मूळ ‘पुरेशा’ या शब्दात होते. सल्ला नको, गृहपाठ नको, निदान नको. या अटी पाळल्या की बदल आपोआप घडेल, हा रॉजर्सचा दावा होता.

या दाव्याची परीक्षा एका चित्रफितीत पाहावयास मिळते. १९६४ साली एव्हरेट शोस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाने एका तरुण घटस्फोटित आईच्या तीन मुलाखतींचे चित्रण केले. उपचारक तीन: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस. यांतल्या पर्ल्सची वाट वेगळी होती. आपल्याला येथे रॉजर्स आणि एलिस यांच्याशी कर्तव्य आहे.

या बाईची अडचण अशी होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिला विचारले होते, बाबांपासून वेगळी झाल्यावर तू दुसऱ्या पुरुषांच्या सहवासात राहिलीस का? तिने ‘नाही’ म्हणून सांगितले, आणि ते खोटे होते. मुलगी आपल्यावर विश्वास ठेवते आणि आपण तिला फसविले, ही बोच तिला चैन पडू देत नव्हती. रॉजर्ससमोर बसताच तिने उत्तर मागितले: खरे सांगितले तर मुलीच्या मनावर वाईट परिणाम होईल काय?

रॉजर्सने उत्तर दिले नाही. ही इतकी खाजगी गोष्ट आहे की तिचे उत्तर आपण देऊ शकत नाही, मात्र तिचे स्वतःचे उत्तर शोधण्यास आपण मनापासून साहाय्य करू, अशा आशयाचे तो बोलला. ती पुन्हा पुन्हा आग्रह धरीत राहिली. तो प्रत्येक वेळी तिच्या बोलण्यातला गाभा तिच्यापुढे ठेवी. हळूहळू प्रश्नच बदलला. मुलीला काय सांगावे हा प्रश्न मागे पडला आणि स्वतःला मी स्वीकारू शकते काय, हा प्रश्न पुढे आला. अर्ध्या तासाच्या शेवटी ती म्हणाली की तुमच्यासारखे वडील मला लाभले असते तर बरे झाले असते. त्यावर रॉजर्सने सरळ सांगितले की तीही आपल्याला एक चांगली मुलगी वाटते. येथे तो मुखवट्यामागे लपला नाही. एकरूपता म्हणतात ती हीच.

मग एलिस. त्याने १९५५ च्या सुमारास आपली स्वतंत्र पद्धती मांडली होती, आणि आज विचार-वर्तन उपचार म्हणून जो प्रवाह ओळखला जातो त्याचा तो एक आद्य प्रवर्तक. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवला आणि ‘विवेकनिष्ठ’ या विशेषणासह त्याची पद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. चित्रफितीत एलिसशी बोलताना त्या बाईने दुसरी अडचण मांडली: आपल्याला आवडणाऱ्या पुरुषांसमोर आपण लाजतो, उथळपणे बोलतो. एलिसने तिच्या भावनेपाशी फार वेळ घालविला नाही. त्या भावनेआड लपलेले वाक्य त्याने बाहेर ओढले: ‘त्याने मला नाकारले तर ते भयंकर होईल, आणि मी कुचकामी ठरेन.’ नकार मिळणे त्रासदायक आहे हे खरे, पण त्यामुळे माणूस कुचकामी कसा ठरतो, असा त्याचा सवाल. शेवटी त्याने तिला गृहपाठही सुचविला: जाणूनबुजून जोखीम घे, बोलून बघ. चित्रफितीत बहुतांश वेळ एलिसच बोलतो, रॉजर्सच्या मुलाखतीत ती बाई बोलते. दोन पद्धतींतला फरक कानांनीच कळतो.

या कथेचा शेवट सरळ नाही. तिन्ही मुलाखतींनंतर बाईला विचारले तेव्हा या घडीला आपल्याला पर्ल्सचा उपयोग सर्वांत अधिक होईल, असे तिने सांगितले. पुढे त्याच मुलाखतीविषयी तिच्या मनात राग साचला. रॉजर्सशी मात्र तिचा स्नेहाचा पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला. अर्ध्या तासात उमटलेला ठसा कोणता टिकेल, हे त्याच दिवशी सांगता येत नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

दुसऱ्या प्रवाहाला शिस्त दिली ती एरन बेक याने. हा फिलाडेल्फियाचा मनोविकारतज्ज्ञ मुळात फ्रॉइडच्या परंपरेत शिकलेला. खिन्नता म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे फ्रॉइडचे मत सिद्ध करण्यासाठी त्याने खिन्न रुग्णांची स्वप्ने तपासली. त्यांत राग सापडेना. सापडले ते अपयश आणि हानी. त्याच सुमारास एक रुग्ण स्त्री त्याला आपल्या खाजगी गोष्टी सांगत असताना अस्वस्थ झाली. विषय लाजिरवाणा म्हणून ती अस्वस्थ असेल, असा बेकचा तर्क. विचारल्यावर कळले की मनात तिचा दुसराच विचार चालू होता: आपल्या बोलण्याने डॉक्टरांना कंटाळा येत असेल. असे विचार विजेसारखे चमकून जातात, कोणी विचारल्याखेरीज माणूस ते सांगत नाही, आणि भावना त्यांच्या मागोमाग येते. बेकने त्यांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटले.

बेकची रीत समजावी म्हणून आपण त्याच आईला त्याच्या खोलीत बसवून पाहू. हे केवळ आमचे कल्पनाचित्र आहे. उपचारक तिला कागदावर रकाने आखावयास सांगेल. प्रसंग: मुलीने प्रश्न विचारला, मी खोटे बोलले. भावना: अपराधीपणा, शंभरात नव्वद. विचार: मी वाईट आई आहे, तिला कळले तर ती माझा तिरस्कार करील. मग पुरावा: या विचाराच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे? मी एकदा खोटे बोलले, हे खरे. पण एका खोट्यावरून मी संपूर्ण वाईट आई ठरते काय? मुलगी अवघड प्रश्न घेऊन माझ्याकडेच आली, हे कशाचे लक्षण? त्यानंतर अधिक समतोल असे वाक्य तिने स्वतः लिहावयाचे, आणि अपराधीपणाला पुन्हा गुण द्यावयाचे. नव्वदाचे पन्नास झाले तरी पुरे. शून्य व्हावे अशी अपेक्षा नसते, कारण खोटे बोलल्याची थोडी खंत रास्तच आहे. शेवटी एक प्रयोग: मुलीशी खरेपणाने, पण तिच्या वयाला झेपेल इतकेच बोलून पाहायचे आणि पुढच्या भेटीत काय घडले ते सांगायचे.

आता मर्माची गोष्ट. १९७९ साली बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खिन्नतेवरील आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यात उपचारकाच्या अंगी ऊब, अचूक समानुभूती आणि खरेपणा असावा असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे रॉजर्सचेच तीन गुण! केवळ एक दुरुस्ती केली: हे गुण आवश्यक आहेत, पण पूर्ण परिणामासाठी पुरेसे नाहीत. जे दोन पंथ एकमेकांचे वैरी म्हणून शिकविले जातात त्यांच्यातले खरे अंतर एवढेच, एका शब्दाचे.

मग ‘पुरेसे’ कोण ठरविणार? इंग्लंडमध्ये खिन्न रुग्णांवर या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४६४ रुग्ण होते. अनिर्देशी समुपदेशन, विचार-वर्तन उपचार आणि घरच्या डॉक्टरांची नेहमीची देखभाल यांची तुलना होती. चार महिन्यांनी दोन्ही मानसोपचार डॉक्टरांच्या देखभालीपेक्षा सरस आणि परस्परांशी समान ठरले. वर्षअखेरीस तिन्ही गटांतला फरक मावळला. पुढे शेफील्ड येथे ५१० रुग्णांची पाहणी झाली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्री उपचार विचार-वर्तन उपचारापेक्षा कमी पडला नाही. बारा महिन्यांनी मात्र विचार-वर्तन उपचार घेतलेले रुग्ण काहीसे पुढे होते. याचा आम्ही लावलेला अर्थ असा: ऐकून घेतल्याने माणूस उभा राहतो, पण पुढच्या वादळात स्वतःचा तोल सावरण्याचे शिकलेले साधन हाताशी असले तर ते कदाचित अधिक टिकते.

आणि एक आजार असा आहे की तेथे ‘पुरेसे’ हा शब्द स्पष्टपणे हरतो. त्याची ओळख आपल्या धर्मग्रामांना जुनी आहे. काही भाविकांना एकच पाप पुन्हा पुन्हा निवेदन केल्याशिवाय चैन पडत नाही. क्षमा मिळते, घटकाभर शांती वाटते, आणि देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता शंका येते: मी सर्व सांगितले का? संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मान्रेसा येथे याच यातनेने ग्रासले होते. आत्महत्येचा मोह व्हावा इतकी ती तीव्र होती. त्यांच्या आत्मकथनात असे आहे की अगदी स्पष्ट असेल तेवढेच गत पाप सांग, अशी आज्ञा धर्मगुरूंनी दिली. पण इग्नेशियसना तर सर्वच स्पष्ट वाटे, म्हणून उपयोग झाला नाही. अखेर गतकाळचे काहीही पुन्हा निवेदन करायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि ते सुटले.

आजचे मानसशास्त्र याला विचारांच्या व कृतींच्या सक्तीचा विकार म्हणते आणि त्याची यंत्रणा अशी सांगते: दिलासा मिळाला की भीती क्षणभर उतरते, म्हणून माणूस पुन्हा दिलासा मागतो, आणि प्रत्येक दिलाशाने शंकेची मुळे अधिक खोल जातात. येथे केवळ प्रेमाने ऐकत राहणारा आणि ‘नाही हो, तुमचे सर्व ठीक आहे’ म्हणणारा माणूस, मग तो उपचारक असो वा घरची आई, नकळत आजारालाच खतपाणी घालतो. विचार-वर्तन उपचारात रुग्णाला भीतीसमोर पायरीपायरीने उभे करतात आणि शंका निवारण्याची कृती त्याने करू नये असे शिकवितात. भीती वाढते, टिकते आणि मग कोणीही न समजाविता आपोआप उतरते, हा अनुभव त्याला स्वतः यावा लागतो. मात्र एवढी कठीण गोष्ट करण्यासाठी रुग्णाचा उपचारकावर गाढ विश्वास लागतो. तो विश्वास कोठून येतो? रॉजर्सच्या तीन गुणांतूनच.

दोन्ही पद्धती बिघडतात त्या कशा, हेही ओळखता येते. रॉजर्सच्या पद्धतीचे विडंबन म्हणजे पोपटपंची: समोरच्याचे शेवटचे वाक्य ‘तुम्हाला असे वाटते तर’ हे शब्द जोडून परत करणे. स्वतः रॉजर्सला याचा अत्यंत त्रास होई. समानुभूती नेमकी लागली असेल तर माणूस ‘हो, आणि शिवाय…’ म्हणत आणखी खोल जातो. लागली नसेल तर तो नुसते ‘हो’ म्हणून गप्प बसतो. विचार-वर्तन उपचार बिघडतो तेव्हा त्याचा वादविवाद होतो. उपचारक जिंकतो आणि रुग्ण म्हणतो, ‘तुमचे पटते, पण मन मानत नाही.’ गृहपाठाचा कागद कोराच परत येतो. अशा वेळी चतुर उपचारक युक्तिवाद वाढवीत नाही. तो थांबतो आणि पुन्हा ऐकू लागतो.

रॉजर्सचे निधन ४ फेब्रुवारी १९८७ रोजी झाले, एलिसचे २००७ साली. बेक शंभर वर्षे जगला आणि १ नोव्हेंबर २०२१ रोजी वारला. तिघांच्या वादाचा निकाल आम्ही एका वाक्यात देणार नाही. पण रॉचेस्टरच्या त्या दारापाशी आमचे मन पुन्हा जाते. ती आई वळली, कारण तिला सुधारण्याचा प्रयत्न अखेर थांबला होता. त्या खोलीत नंतर जे काही घडले ते पुरेसे होते की नाही, यावर विद्वान भांडोत. ती दारातूनच निघून गेली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.